नात आमच्याकडे वाढली, आता वडील तिला न्यायला निघालेत

माझं वय ६१, यजमानांचं ६८. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. आमची मुलगी चार वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली, तेव्हा नात तीन वर्षांची होती. जावई पुण्यात कंपनीत, काम फिरतीचं. त्यांनीच नातीला आमच्याकडे आणून सोडलं आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, की ती आजी-आजोबांकडेच राहील. आधी ते दर महिन्याला यायचे, पैसे पाठवायचे. दीड वर्षापूर्वी त्यांनी दुसरं लग्न केलं. ते आमच्या फार मनाला लागलं. दिवाळीपासून त्यांचे पैसे आम्ही परत पाठवले, फोन घेणंही बंद केलं. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत मुलगी ताब्यात द्या, नाहीतर कोर्टात जाऊ, पोलिसांत तक्रार करू. नात आता सात वर्षांची, दुसरीत आहे. मलाच आई म्हणते. मुलीनं दवाखान्यात माझा हात धरून सांगितलं होतं, ‘हिला तू सांभाळ.’ माझा मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, तिला माझ्याकडे पाठवून दे, तिथं कोण शोधत येणार? चार वर्षं आम्ही तिला जिवापाड जपलं, त्याला कोर्टात काही किंमत आहे का? नात आमच्याकडेच राहील ना?
— एक आजी

ताई, नात तुमच्याकडे राहू शकते, पण राहीलच अशी खात्री तुम्हाला कुणीही देऊ शकत नाही. जो वकील पहिल्याच भेटीत तशी खात्री देईल त्याच्याकडे वकीलपत्र देऊ नका. आणि बाकीचं वाचण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाका: नात बंगळुरूला जाणार नाही, आणि जावयांचा पुढचा फोन तुम्ही घ्याल. का ते पुढे सांगते.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ प्रमाणे आई-वडील हे मुलाचे नैसर्गिक पालक. आई गेल्यावर वडील एकटेच उरतात. दुसरं लग्न केलं म्हणून त्यांचं पालकत्व जात नाही. त्या कलमात पालकत्व जाण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत पुनर्विवाह नाही. आजी-आजोबांचं नाव नैसर्गिक पालकांच्या यादीत कुठेच नाही, ना आईकडच्यांचं ना वडिलांकडच्यांचं. तुम्ही स्वतः अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मागायची म्हटली, तर १८९० सालच्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम १९ समोर येतं. वडील हयात आहेत आणि न्यायालयाच्या मते अपात्र नाहीत, अशा वेळी दुसऱ्या कुणाला त्या मुलाचा पालक नेमू नये, असं ते सांगतं. थोडक्यात, नुसती कलमं मोजली तर पारडं जावयांकडे झुकलेलं आहे. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत असलेलं बरं.

पण त्याच १९५६च्या कायद्यात कलम १३ आहे, आणि या विषयातली खरी लढाई तिथेच होते. मुलाचं हित हाच सर्वोच्च विचार, असं ते कलम सांगतं. एखाद्याला पालकत्व देणं मुलाच्या हिताचं नाही असं न्यायालयाला वाटलं, तर त्या माणसाला कायद्यानं मिळालेला हक्क चालत नाही. १८९०च्या कायद्यातसुद्धा मूल पालकाच्या ताब्यात परत देण्याचं जे कलम २५ आहे, त्यात मुलाच्या हिताची अट आहेच. आणि १९७३ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं, की मुलं ही आई-वडिलांच्या मालकीची वस्तू नव्हे. तेव्हापासून न्यायालयं कलम ६ आणि कलम १९ वाचताना कलम १३ सोबत धरूनच वाचतात. वडिलांचा हक्क हा विचाराचा आरंभ आहे. निकाल कुठे जाऊन थांबेल ते मुलाच्या हितावर ठरतं.

इथे एक गोष्ट मात्र समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नातली वेदना नेमकी तिथे आहे. मुलाचं हित सर्वोच्च म्हणजे जावयांचा हक्क बाजूला आणि तुमचा हक्क पुढे, असं नाही. तुमच्या चार वर्षांच्या कष्टांचा मोबदला म्हणून न्यायालय नात तुम्हाला देणार नाही. ती चार वर्षं मोजली जातील, पण तिच्या बाजूनं. तिचं घर कुठलं, रात्री घाबरली तर ती कुणाला हाक मारते, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचे डॉक्टर, आणि हे सगळं एकाएकी तोडलं तर तिला काय सोसावं लागेल. म्हणून न्यायालयात ‘आम्ही किती केलं’ हे सांगण्यापेक्षा ‘तिचं आयुष्य आज कसं चाललंय’ हे दाखवणं महत्त्वाचं. दिसायला हा फरक लहान वाटतो, पण अख्खं प्रतिज्ञापत्र त्यानं बदलतं.

आता तो स्टॅम्पपेपर. अशी कागदपत्रं मी खूप पाहते. सही करून बाप आपलं पालकत्व कायमचं सोडून देऊ शकत नाही. त्यानं दिलेली परवानगी तो परत घेऊ शकतो, आणि असा खाजगी करार न्यायालयाला बांधत नाही. तो दत्तकपत्रही नाही. तरी कागद फेकू नका, लॅमिनेशनसुद्धा करू नका. मूळ प्रत जपून ठेवा. नात तुमच्याकडे वडिलांच्या संमतीनं आली, तुम्ही तिला पळवून आणलेलं नाही, हे त्यावरून सिद्ध होतं. पोलीस चौकीत बोलावणं आलंच तर तो कागद आणि शाळेचा दाखला घेऊन जा, शांतपणे जबाब द्या. मूल कुणाकडे राहावं हे पोलीस ठरवत नाहीत, न्यायालय ठरवतं.

लेकीच्या शेवटच्या शब्दांबद्दल. वडील हयात असताना आईनं मृत्युपत्रात पालक नेमला तरी तो वडिलांवर वरचढ ठरत नाही, त्यामुळे तोंडी शब्दांनी वडिलांचा हक्क संपत नाही हे उघड आहे. पण १८९०च्या कायद्याचं कलम १७ न्यायाधीशांना ज्या गोष्टी विचारात घ्यायला सांगते, त्यांत वारलेल्या आई-वडिलांची इच्छा ही एक आहे. मुलाचं वय, मुलगा की मुलगी, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचा स्वभाव आणि कुवत, नात्याची जवळीक, त्या माणसाचा मुलाशी आजवर आलेला संबंध, या सगळ्यांच्या पंक्तीत ती बसते. लेकीनं त्या दिवसांत भावाला, मैत्रिणीला काही मेसेज पाठवले असतील तर शोधून ठेवा. ते शब्द बोलले गेले तेव्हा खोलीत आणखी कोण होतं तेही आठवा.

तुमच्यासारखी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. त्यांतली महाराष्ट्रातली दोन सांगते, कारण दोन्हींत आई वारली होती, मूल आईच्या माहेरी होतं आणि मागणारे वडील होते. तरी निकाल उलटे लागले.

पहिलं प्रकरण २०१० सालचं. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली आणि बाळ आईच्या वडिलांकडे वाढलं. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं, त्यांना त्या लग्नातून मूलही झालं. जिल्हा न्यायालयानं आजोबांना मुलाच्या वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पालक नेमलं. उच्च न्यायालयानं ते फिरवून मूल वडिलांना द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आजोबांच्या बाजूनं निकाल दिला: बारा वर्षांपर्यंत मूल आजोबांकडे, आणि वडिलांना भेटीचा हक्क. वडील वाईट आहेत म्हणून हे झालं नाही. मुलाला जन्मापासून तेच एक घर माहीत होतं, म्हणून झालं. वडिलांचं दार बंदही केलं नाही. मूल मोठं होईपर्यंत त्यांनी नातं जोडत राहावं, अशी सोय ठेवली.

दुसरं २०१९ सालचं, पुण्याकडचं. आईला गरोदरपणातच स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. मुलगी झाली, आईचे उपचार चालू राहिले, आणि त्याच काळात वडीलही गंभीर आजारानं रुग्णालयात पडले. बाळ आईच्या भावंडांकडे गेलं. आई गेल्यावर त्यांनी मुलगी परत द्यायला नकार दिला. वडिलांनी पालकत्वाचा दावा लावत बसण्याऐवजी मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली, म्हणजे ‘माझं मूल बेकायदा अडकवून ठेवलंय, हजर करा’ अशी. उच्च न्यायालयानं मुलगी वडिलांना दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. मुलगी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. आजारपणात नाइलाजानं मूल नातेवाइकांकडे ठेवलं म्हणजे बापानं ते टाकलं असं होत नाही, आणि नातेवाइकांच्या मायेनं त्यांना मूल ठेवून घेण्याचा अधिकार येत नाही. त्यांची माया न्यायालयानं नाकारली नाही. मुलीला भेटण्याची मुभा त्यांना दिली.

तुमची बाब या दोन्हींच्या मधली आहे. नातीची चार वर्षं तुमच्याकडे गेली, तिची सगळी समज तुमच्या घरात आली. हे तुम्हाला पहिल्या प्रकरणाजवळ नेतं. पण पहिली तीन वर्षं ती आई-वडिलांबरोबर होती, वडील त्यानंतरही येत राहिले, पैसे देत राहिले, आणि फिरतीच्या नोकरीत एकट्यानं तीन वर्षांचं मूल सांभाळणं जमेना म्हणून त्यांनी ते विश्वासानं तुमच्या हाती दिलं. हे दुसऱ्या प्रकरणासारखं आहे. आईच्या मृत्यूबद्दलच बापावर फौजदारी खटला चालू असेल तर चित्र वेगळं असतं; तशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं मूल आजी-आजोबांकडे किंवा मामाकडे ठेवलेलं आहे. तुमच्याकडे तसलं काही नाही. त्यामुळे कुणी सुचवलं तरी जावयांवर खोटे आरोप करू नका. व्यसन, मारहाण असलं काहीही जे तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही, ते प्रतिज्ञापत्रात येता कामा नये. उलटतपासणीत असा एक आरोप कोसळला, की तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात नाजूक भाग. दिवाळीपासून तुम्ही पैसे परत केले आणि फोन बंद केला. त्यामागचं दुःख मला समजतं. लेकीच्या जागी दुसरी कुणी आलेली पाहणं आईसाठी काय असतं, ते कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण न्यायाधीश ही गोष्ट नातीच्या जागी उभे राहून बघतील. तिची आई तिच्या हातात नव्हती, गेली. वडील होते, दर महिन्याला येत होते, आणि मग मोठ्या माणसांनी तिला न विचारता तेही थांबवलं. सात वर्षांच्या मुलीला यातून एकच अर्थ लागतो: बाबा येत नाहीत म्हणजे बाबांना मी नको. मुलाला दुसऱ्या पालकापासून तोडणं हे त्याच्या हिताविरुद्ध आहे, अशी न्यायालयांची भूमिका आहे, आणि जो तोडतो त्याच्याकडे मूल ठेवायला ती कचरतात. तुमची केस हरवणारी एखादी गोष्ट असेल, तर ती तुमचं वय नाही, जावयांचा पगार नाही. ती हीच आहे. सुदैवानं ती आजच्या आज सुधारता येते.

बंगळुरूचा विचारही त्याच कारणानं सोडा. मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात पालकत्वाचा अर्ज चालतो, म्हणजे आज तो तुमच्या जिल्ह्यात चालेल: कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. शाळा, डॉक्टर, शेजारी, सगळे तुमच्या हाताशी. नोटीस आल्यावर नात हलवलीत तर ती लपवली असाच अर्थ निघेल. मग जावयांना हेबियस कॉर्पसचा रस्ता आपणच मोकळा करून दिल्यासारखं होईल, आणि तिथे तुम्हाला चार वर्षांचा पुरावा सावकाश मांडायला सवड मिळणार नाही. शिवाय नातीला दुसरी शाळा, परकी भाषा. ज्या स्थैर्याच्या जोरावर तुम्ही तिला मागणार, तेच तुम्ही मोडलेलं असेल.

तरीही मुलगा या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे, वेगळ्या तऱ्हेनं. न्यायाधीश तुम्हाला नक्की विचारतील: ती पंधरा वर्षांची होईल तेव्हा तुम्ही ६९ वर्षांच्या असाल आणि यजमान ७६ वर्षांचे, तेव्हा हिचं कोण बघणार? या प्रश्नाला ‘देव आहे’ हे उत्तर चालत नाही. मुलानं आणि सुनेनं स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यावं. तुमच्यापैकी कुणी आजारी पडलं तर ते काय करतील, वर्षातून किती वेळा येतात, शिक्षणाचा किती खर्च उचलतील, हे त्यात स्पष्ट असावं. तुमची पेन्शन असेल, शेती किंवा घरभाडं असेल तर त्याचे कागद जोडा. तुमची आणि यजमानांची अलीकडची वैद्यकीय तपासणी जोडली तर आणखी चांगलं.

पुरावा म्हणजे मोठमोठी भाषणं नव्हेत. लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची फाईल, शाळेची हजेरी आणि प्रगतिपुस्तक, फीच्या पावत्या, पालकसभेच्या वहीतल्या सह्या. शाळेची दैनंदिनी उघडून बघा. ‘आज डबा खाल्ला नाही’, ‘दात दुखतो म्हणत होती’ अशा बाईंच्या नोंदी आणि खाली रोजची तुमची सही, असं पान तुमच्या घराबद्दल दहा साक्षीदारांपेक्षा जास्त सांगतं.

जावयांच्या बाजूनं काय पाहिलं जाईल तेही सांगते, कारण त्यातच निकाल दडलेला आहे. पुण्याचं घर कसं आहे, त्यांची फिरती अजून चालू आहे का, ते नसताना नातीला शाळेतून कोण आणणार. आणि नवी पत्नी. तिचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच ‘सावत्र’ शब्द येतो, तो तुमच्या तोंडून एकदाही येऊ देऊ नका. सावत्र आई असणं हा कायद्यात दोष नाही. पण त्या बाईंना ही मुलगी घरात हवी आहे का, त्या आजवर तिला किती वेळा भेटल्या, स्वतः येऊन न्यायालयाला तसं सांगायला तयार आहेत का, हे प्रश्न रास्त आहेत आणि ते तुमच्या वकिलांनी विचारले पाहिजेत. दीड वर्षात ती मुलीला दोनदाही भेटली नसेल, तर मुलगी आजच तिच्या हवाली करायला कुठलाही न्यायाधीश विचार करील. अर्थात त्यातले काही महिने फोन तुम्हीच बंद ठेवला होता, हे समोरचा वकील लगेच म्हणेल. म्हणून तर पहिल्याच परिच्छेदात फोन घ्यायला सांगितलं.

प्रत्यक्षात काय काय घडतं ते ऐका. वकील लावायला पैसे नसतील तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पहिलं काम म्हणजे न्यायालयात कॅव्हेट दाखल करणं, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश होऊ नये अशी आगाऊ विनंती. ती ९० दिवस चालते, नंतर पुन्हा करावी लागते. मुख्य अर्ज लागला की त्याबरोबर जावई बहुधा तात्पुरता ताबा आणि भेटीचा अर्ज करतील. ताबा लगेच मिळणं कठीण, पण भेटी मिळतील हे धरून चाला. सुरुवातीला महिन्यातून दोन शनिवार, न्यायालयाच्या आवारात किंवा एखाद्या ठरलेल्या जागी दोन तास, मग दिवसभर, मग मुक्काम, मग दिवाळीची आणि मेची निम्मी सुट्टी. हा क्रम साधारण असाच चढत जातो. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. भेटीच्या दिवशी नातीला ताप आला तर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा आणि बदली तारीख आपणहून कळवा. दर शनिवारी ताप येऊ लागला की न्यायाधीशांना तो बरोबर ओळखू येतो.

न्यायाधीश नातीशी बोलतील. ते भर कोर्टात नसतं. त्यांच्या चेंबरमध्ये, काळा कोट न घातलेल्या एखाद्या समुपदेशक बाईंसोबत, तुम्ही आणि जावई दोघंही बाहेर. टेबलावर कागद, रंग ठेवलेले असतात. शाळेत शेजारी कोण बसतं, वेणी कोण घालून देतं, रात्री गोष्ट कोण सांगतं, बाबा शेवटचे कधी भेटले, तेव्हा काय खाल्लं, असे प्रश्न येतात. ‘तुला कुणाकडे राहायचंय’ हे सहसा सरळ विचारत नाहीत. मूल समजून सांगण्याच्या वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घ्यावी असं कायदा म्हणतो, वयाचा आकडा कुठेही दिलेला नाही. सातव्या वर्षी तिचं म्हणणं ऐकलं जाईल, पण ते निर्णायक धरलं जाईलच असं नाही. एक मात्र नक्की: ‘बाबांनी आईला विसरून दुसरा संसार थाटला’ असं वाक्य सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून आलं, की ते कुणाचं आहे हे ऐकणाऱ्याला क्षणात कळतं. तिला काहीही शिकवून पाठवू नका. ती विचारील तर ‘तिथले काका-मावशी तुझ्याशी गप्पा मारणार आहेत, जे आहे ते सांग’ एवढंच. तिच्यासमोर नोटिशीबद्दल फोनवर बोलणंही टाळा.

माझं प्रामाणिक मत विचाराल, तर हे प्रकरण निकालापर्यंत नेण्यापेक्षा तुम्हीच एक आराखडा मांडावा. निदान हे शैक्षणिक वर्ष नात तुमच्याकडे. महिन्यातून दोन शनिवार-रविवार जावयांनी यावं, तीन महिन्यांनी तिला पुण्याला मुक्कामाला न्यावं, पत्नीसह. मे महिन्यात पंधरा दिवस पुण्यात. वर्षानंतर समुपदेशकांचा अहवाल घेऊन पुढचं ठरवायचं. शाळा बदलणं, मोठे उपचार, पासपोर्ट यांत दोघांची संमती. आणि पुढे कधी ती पुण्याला राहायला गेलीच, तर असाच भेटीचा आणि सुट्ट्यांचा हक्क तुम्हाला लेखी. हे पुन्हा स्टॅम्पपेपरवर लिहू नका. दोन्ही वकिलांनी कन्सेंट टर्म्स म्हणून न्यायालयात दाखल कराव्यात, न्यायाधीशांनी मुलीचं हित पाहून मंजूर केल्या की तो आदेश होतो. एकानं मोडला तर दुसऱ्याला दाद मागता येते. ताब्याचा कुठलाच आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, की तो बदलून मागता येतो. त्यामुळे आज सगळं जिंकायची गरज नाही, आणि आज थोडं सोडलं म्हणून सगळं गेलं असंही नाही.

पैशाबद्दल एवढंच, की ते घ्या. मुलीचा खर्च उचलणं वडिलांचं कर्तव्य आहे, ती तुमच्याकडे असली तरी. नातीच्या नावानं बँकेत खातं काढा, त्यांना खाते क्रमांक कळवा, पैसे तिथे येऊ देत. तुमच्या लेकीचा विमा, भविष्यनिर्वाह निधी यांत नातीचा हिस्सा असेल तर त्याची चौकशी वकिलांमार्फत वेगळी करा. ती ताब्याच्या भांडणात ओढू नका, नाहीतर दोन्ही बाजूंना पैशासाठीच मूल हवंय असं दिसू लागतं.

नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत वकिलांकडून उत्तर द्या. त्यात रागाचा एक शब्द नको. नात तुमच्याकडे कुणाच्या संमतीनं आणि कधीपासून आहे, कुठल्या शाळेत आहे, मध्यंतरी संपर्क तुटला ते आता पुन्हा सुरू करायला तुम्ही तयार आहात, आणि येत्या कुठल्या रविवारी किती वाजता जावयांनी भेटायला यावं, हे तारखेसकट लिहा. वर सांगितलेला आराखडा सोबत जोडा. उत्तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती फाईलला लावा. आणि पत्र पुण्याला पोचायची वाट न बघता फोन स्वतः लावा. आधी तुम्ही बोला, मग नातीच्या हातात द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.